सगळी कारणं लिहिली, तरी वीसपैकी नऊ: 'फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे' या उत्तरात बिघडतं कुठे

तक्रार दर वर्षी तीच. सराव परीक्षेचा तपासलेला पेपर घेऊन कुणीतरी टेबलाशी येतं आणि बोट ठेवून दाखवतं, "सर, राजकीय कारणं आहेत, सामाजिक आहेत, आर्थिक आहेत, रूसो-व्हॉल्टेअर आहेत. मग राहिलं काय?" खरं म्हणजे काहीच राहिलेलं नसतं. सहा पानं भरलेली असतात, उपशीर्षकांखाली पट्टीने रेघा मारलेल्या असतात, सनावळीत मोठी चूक नसते. गुण मात्र नऊ, फार तर दहा.

यावर मुलं जे उपाय करतात त्यांनी दुखणं वाढतं. कुणी कारणांची संख्या आठावरून बारावर नेतं. कुणी सुरुवातीला एखादं भारदस्त अवतरण टाकतं. कुणी शेवटी 'अशा प्रकारे अनेक कारणांच्या एकत्रित परिणामातून ही राज्यक्रांती घडून आली' असं लिहून खाली दोन रेघा ओढतं. हे शेवटचं वाक्य मी वर्षाला निदान दीडशे वेळा वाचतो. ते खोटं नाही, पण पृथ्वीवरच्या कुठल्याही घटनेबद्दल ते लिहिता येईल.

आधी बिघाड तपासा

स्वतःचं जुनं उत्तर घ्या आणि त्यावर दोन चाचण्या करा. दहा मिनिटं पुरतात.

पहिली अदलाबदलीची. परिच्छेदांना क, ख, ग अशी अक्षरं द्या आणि उत्तर उलट्या क्रमाने वाचून बघा. आर्थिक कारणं आधी आली काय, सामाजिक आधी आली काय, वाचताना कुठेही ठेच लागली नाही, तर तुमच्या उत्तरात युक्तिवाद नाही. ती यादी आहे. युक्तिवादात तिसरा परिच्छेद दुसऱ्याच्या खांद्यावर उभा असतो; दुसरा काढला तर तो खाली यायलाच हवा.

दुसरी सालाची. प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एकच प्रश्न लिहा: हे 1750 सालीही खरं होतं का? मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीच्या उत्तरावर आम्ही दोघांनी मिळून हे केलं. नऊ परिच्छेद होते. निरंकुश राजेशाही? 1750 मध्ये होती. तीन वर्गांत विभागलेला समाज? होता. धर्मगुरू आणि सरदारांच्या सवलती? होत्या. शेतकऱ्यावरचे कर, जमीनदाराची देणी, न्यायव्यवस्थेतला गोंधळ? सगळं होतं. नऊपैकी सहा परिच्छेद 1750 ला जसेच्या तसे लागू पडत होते. मग क्रांती 1750 मध्ये का झाली नाही? ती म्हणाली, "असंतोष साचत गेला ना, सर." बरोबर, पण हे उत्तर तिच्या कागदावर नव्हतं. आणि साचलेला असंतोष 1789 च्याच उन्हाळ्यात का फुटला, याचं उत्तर तर तिच्या डोक्यातही नव्हतं.

बिघाड इथे आहे. 'कारणे स्पष्ट करा' हा प्रश्न आपण 'परिस्थितीचे वर्णन करा' असा वाचतो. क्रांतीआधीचा फ्रान्स कसा होता हे सांगतो; तो तसा राहू का शकला नाही, हे सांगत नाही.

उत्तर मागून पुढे बांधा

दुरुस्ती लिहिण्याआधी करायची आहे, कच्च्या पानावर, पहिल्या सात-आठ मिनिटांत. क्रांतीचा नेमका क्षण कोणता मानायचा ते आधी ठरवा. बहुतेक जण 14 जुलै 1789, बॅस्टिल, असं म्हणतात. मी 17 जून घ्यायला सांगतो. त्या दिवशी तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी आपण 'राष्ट्रीय सभा' असल्याचं जाहीर केलं. सत्ता राजाकडून राष्ट्राकडे आली असा दावा पहिल्यांदा तिथे झाला. बॅस्टिलने तो दावा वाचवला.

आता 17 जूनपासून 'का?' विचारत मागे चालत जा.

तिसऱ्या वर्गाने हे पाऊल का उचललं? कारण 5 मे रोजी व्हर्सायला इस्टेट्स जनरल, म्हणजे तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, भरली आणि सहा आठवडे मतदान कसं घ्यायचं यावरच अडून बसली. प्रत्येक वर्गाला एक मत धरलं, तर धर्मगुरू आणि सरदार मिळून दोन विरुद्ध एक अशी हार ठरलेली होती. डोकी मोजली, तर चित्र पालटत होतं, कारण 1788 च्या डिसेंबरात तिसऱ्या वर्गाच्या जागा दुप्पट केल्या होत्या. राजाने जागा वाढवल्या आणि मतदानाची पद्धत ठरवलीच नाही. अर्धवट निर्णयाचा याहून चांगला नमुना शोधून सापडायचा नाही.

मुळात इस्टेट्स जनरल बोलावलीच का? 1614 नंतर ती एकदाही भरली नव्हती. 8 ऑगस्ट 1788 रोजी ती बोलावण्याची तारीख जाहीर झाली आणि आठ दिवसांत, 16 ऑगस्टला, सरकारी तिजोरीने देणी थांबवली. या दोन तारखा शेजारी शेजारी लिहा. त्या एकमेकींचं स्पष्टीकरण आहेत.

तिजोरीवर ही वेळ का आली? कारण नवा कर लावता येईना. 1786 मध्ये अर्थमंत्री कालोनने सोळाव्या लुईसमोर सगळ्या जमीनमालकांवर एकच जमीनकर बसवण्याची योजना ठेवली. त्यात सवलती नव्हत्या. फेब्रुवारी 1787 मध्ये बोलावलेल्या प्रतिष्ठितांच्या सभेने ती उचलून धरली नाही, एप्रिलमध्ये कालोन गेला. त्याच्या जागी आलेल्या ब्रिएनला पॅरिसच्या पार्लमांने अडवलं: कायमचा नवा कर इस्टेट्स जनरलच मंजूर करू शकते. (पार्लमां म्हणजे संसद नव्हे. ते उच्च न्यायालय होतं, राजाचे हुकूम नोंदवून घेणारं, आणि तिथे सरदार न्यायाधीश बसत. 'फ्रान्सच्या पार्लमेंटने विरोध केला' असं लिहिलंत की तपासणाऱ्याचं पेन तिथेच थांबतं.)

आणि कर्ज का झालं? युद्धांमुळे, विशेषतः 1778 ते 1783 मधल्या अमेरिकन युद्धामुळे. तो खर्च बहुतांशी कर्ज काढून भागवला गेला.

बघा, मागे चालत गेलं की एक साखळी हाती येते: कर्ज, करसुधारणेचा प्रयत्न, विशेषाधिकारी वर्गांचा विरोध, इस्टेट्स जनरल, मतदानाचं भांडण, 17 जून. यात एकही कडी वर-खाली करता येत नाही. अदलाबदलीची चाचणी इथे आपोआप पास होते.

या साखळीवरून एक वाक्य तयार करा. हाच तुमचा दावा. त्या विद्यार्थिनीने तीन प्रयत्नांनंतर असं लिहिलं: 'कर्जात बुडालेल्या राजसत्तेला विशेषाधिकारी वर्गांवर कर बसवता आला नाही म्हणून इस्टेट्स जनरल बोलवावी लागली, आणि तिथे मतदानाच्या प्रश्नावरून जुनी सामाजिक विषमता उघड राजकीय संघर्ष बनली.' थोडं लांब आहे, पण त्यात कर्तव्यभावनेने घुसवलेला एकही शब्द नाही. त्याला विरोध करता येतो, हे महत्त्वाचं. 'अनेक कारणे होती' याला विरोध कोण करणार? म्हणूनच तो दावा नव्हे.

एक परिच्छेद, आधीचा आणि नंतरचा

तिच्या पहिल्या उत्तरातला आर्थिक परिच्छेद असा होता:

> फ्रान्सची आर्थिक स्थिती अत्यंत हलाखीची होती. राजा व राणी ऐषआरामात उधळपट्टी करत. व्हर्सायच्या राजवाड्यावर प्रचंड खर्च होई. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात मदत केल्याने तिजोरी रिकामी झाली. कराचा सर्व बोजा तिसऱ्या वर्गावर होता. त्यामुळे जनतेत असंतोष पसरला.

शेवटचं वाक्य बघा. ते तिच्या उत्तरात चार परिच्छेदांच्या शेवटी होतं. एकच वाक्य चार वेगवेगळ्या पुराव्यांचा निष्कर्ष होऊ शकत असेल, तर तो निष्कर्ष कुठल्याच पुराव्यातून निघालेला नाही. 'त्यामुळे' हा शब्द तिथे नुसता शोभेला आहे. मी हल्ली पेपर हातात आला की आधी 'त्यामुळे'ला गोल करत जातो आणि प्रत्येक गोलाच्या डावीकडे खरंच कारण आहे का ते बघतो.

दुसरी गोष्ट, वजनाची. राजा-राणीची उधळपट्टी आणि राजवाडा यांना दोन वाक्यं, युद्धाच्या कर्जाला एक. 1788 च्या अंदाजपत्रकात दरबारावरचा खर्च एकूण खर्चाच्या साधारण 6 टक्के होता आणि कर्जाची परतफेड व व्याज निम्म्याच्या आसपास. राणीची उधळपट्टी लोकांच्या रागासाठी महत्त्वाची होती, दिवाळखोरीसाठी नव्हे. आणि 'कराचा सर्व बोजा' हेही ताणलेलं आहे. ताय हा मुख्य थेट कर सरदारांना बहुतेक ठिकाणी लागत नसे, पण विसांश कर त्यांच्यावरही होता. तो ते कमीत कमी भरतील अशी सोय करून घेत, एवढंच. 'सर्व' खोडून 'बहुतांश' केलं की वाक्य खरं होतं.

दुरुस्त केलेला परिच्छेद, तिच्याच हातचा, मी दोन शब्द बदलून:

> राजसत्तेचा कणा मोडला तो दरबारी उधळपट्टीने नव्हे, तर कर्जाने. 1788 मध्ये दरबारावर एकूण खर्चाच्या सुमारे 6 टक्के रक्कम जात होती, तर कर्जफेड व व्याज यांवर जवळपास निम्मी. या कर्जात अमेरिकन युद्धाचा मोठा वाटा होता. आधीच बहुतांश करभार सोसणाऱ्या शेतकऱ्यांकडून आणखी वसुली शक्य नसल्याने कालोनने 1786 मध्ये सर्व जमीनमालकांवर समान कर सुचवला. अशा रीतीने विशेषाधिकारांना पहिले आव्हान रस्त्यावरून नव्हे, तर राजाच्याच अर्थखात्यातून मिळाले.

पहिलं वाक्य दावा करतं. मधली तीन पुरावा देतात आणि प्रत्येक पुरावा त्याच दाव्यासाठी राबतो. शेवटचं वाक्य पुढच्या परिच्छेदाचं दार उघडतं, कारण आता वाचणाऱ्याला साहजिकच विचारावंसं वाटतं की मग विशेषाधिकारी वर्गांनी काय केलं. माहिती आधीपेक्षा फारशी जास्त नाही. आकडे दोनच. आठ आकडे पाठ करून ओतले असते तर पुन्हा यादीच झाली असती.

मग समाजरचना आणि विचारवंत कुठे घालायचे?

ही शंका येणारच, कारण साखळीत त्यांना जागा दिसत नाही आणि नोट्समध्ये तर सगळ्यात जास्त पानं त्यांनाच असतात. त्यांना टाकायचं नाही. त्यांचं काम बदलायचं.

समाजरचना हे 'का झालं'चं अर्धं उत्तर आहे. मतदानासारखा तांत्रिक प्रश्न इतका का चिघळला, हे ती सांगते. 25 सप्टेंबर 1788 रोजी पॅरिसच्या पार्लमांने इस्टेट्स जनरल 1614 च्याच पद्धतीने भरेल असा निर्णय दिला. कालपर्यंत राजाशी भांडतं म्हणून हे पार्लमां पॅरिसमध्ये लोकप्रिय होतं. या निर्णयानंतर ती लोकप्रियता ओसरायला लागली. जन्मावर ठरणाऱ्या दर्जाबद्दलची जुनी चीड तिथे एका ठोस मागणीला जाऊन चिकटली: डोकी मोजा. वर्गव्यवस्थेचा परिच्छेद या निर्णयापासून सुरू केला, तर तो 1750 ला लागू पडत नाही. तीच माहिती, फक्त खिळा बदलला.

विचारवंतांचं असंच. माँतेस्क्यू 1755 मध्ये वारला, व्हॉल्टेअर आणि रूसो दोघंही 1778 मध्ये. 'त्यांच्या विचारांनी क्रांतीची ठिणगी पडली' असं लिहिणाऱ्याने मधली अकरा वर्षं कुठे गेली ते सांगायला हवं. पूल लागतो, आणि तो आहे. जानेवारी 1789 मध्ये सिएसची 'तिसरा वर्ग म्हणजे काय?' ही पुस्तिका आली. तिसरा वर्ग म्हणजेच राष्ट्र, हा तिचा गाभा. 17 जूनच्या घोषणेत तोच युक्तिवाद बोलतो. म्हणून माझ्या मते विचारांनी संकट आणलं नाही. आलेल्या संकटाला कुठल्या भाषेत मागणी करायची, ते दिलं. हे वाक्य कुणाला पटणार नाही. न पटू दे. परीक्षेत तुम्ही उलट बाजू घेऊ शकता, पूल तेवढा दाखवा.

विरोधी मुद्द्याला घाबरू नका

दावा एकदा लिहिला की मुलं त्याला अडचणीचं ठरेल ते सगळं लपवतात. उलट करा. शेवटून दुसरा परिच्छेद तुमच्या दाव्यावरच्या सगळ्यात कठीण आक्षेपाला द्या.

इथे तो आक्षेप असा: कर्ज तर ब्रिटनवरही प्रचंड होतं, तिथे क्रांती का नाही? उत्तर सरळ आहे. ब्रिटनमध्ये कर संसद मंजूर करी, त्यामुळे परतफेडीची खात्री होती आणि कर्ज स्वस्तात मिळे. फ्रान्समध्ये कराला संमती देणारी मान्यताप्राप्त संस्थाच चालू नव्हती. म्हणजे नुसत्या कर्जाने कारण पुरं होत नाही. कर्ज आणि संमतीचा अभाव ही जोडी कारण आहे. आक्षेप घेतल्याने दावा मोडला नाही, धारदार झाला.

दुसरा आक्षेप पावाचा. 13 जुलै 1788 च्या गारपिटीने आणि त्या वर्षीच्या वाईट हंगामाने धान्य महागलं. पॅरिसमधला चार पौंडी पाव साधारण 9 सूंवरून फेब्रुवारी 1789 पर्यंत साडेचौदा सूंच्या घरात गेला. मजुराची दिवसाची कमाई 20 ते 30 सू. आता कुणी म्हणेल, मग भूक हेच खरं कारण. पण उपासमार फ्रान्सला नवी नव्हती. आधीच्या दंगलींनी राजवट उलथली नव्हती. या वेळी फरक एवढाच की महागाई शिगेला पोचली तेव्हा व्हर्सायला प्रतिनिधी बसलेले होते. भाकरीचा प्रश्न आणि मतदानाचा प्रश्न एकाच उन्हाळ्यात एकत्र आले. (जाता जाता: 'पाव नसेल तर केक खा' हे वाक्य राणीच्या तोंडी घालू नका. रूसोने अशी गोष्ट एका 'थोर राजकन्ये'बद्दल लिहून ठेवली तेव्हा मारी आंत्वानेत लहान होती आणि फ्रान्सला आलेलीही नव्हती.)

समारोप आणि वेळ

समारोपात नवीन माहिती नको आणि आधीचे मुद्दे पुन्हा मोजायलाही नकोत. तिथे निवाडा द्यायचा: कोणतं कारण कोणत्या अर्थाने महत्त्वाचं. वरच्या उत्तराचा समारोप तीन वाक्यांत होतो. विषमतेमुळे क्रांती शक्य झाली. दिवाळखोरीमुळे ती 1788-89 मध्येच अटळ वाटावी अशी परिस्थिती आली. मतदानाच्या पेचामुळे सुधारणेऐवजी क्रांती झाली. मग एका वाक्यात तुमची मर्यादा कबूल करा, उदाहरणार्थ, या दाव्याने व्हर्सायमधली घटना नीट उलगडते, खेड्यांमधल्या जुलै-ऑगस्टच्या उठावांना मात्र जमीनदारी देण्यांचं वेगळं स्पष्टीकरण लागतं. नेपोलियन इथे येऊ देऊ नका. तो परिणामांच्या प्रश्नाचा आहे.

चाळीस मिनिटांच्या प्रश्नाला आठ मिनिटं कच्च्या साखळीला, तीस लिहायला, दोन 'त्यामुळे' तपासायला. आठ मिनिटं जास्त वाटतात. पण साखळी असली की सहा पानांऐवजी साडेचार पानांत उत्तर संपतं. प्रश्न बदलला, समजा 'विचारवंतांचे योगदान तपासा' असा आला, तर साखळी तीच ठेवा आणि दावा सिएसच्या पुस्तिकेवर टेकवा. आख्खं नवं उत्तर पाठ करायची गरज नाही.

त्या विद्यार्थिनीने हेच उत्तर पंधरा दिवसांनी पुन्हा लिहून आणलं. परिच्छेद नऊवरून सहावर आले होते. मी चौदा दिले. गुण कापले गेले ते पाचव्या परिच्छेदात: 'पाव महागला, त्यामुळे 14 जुलैला लोकांनी बॅस्टिल घेतलं.' पाव तर फेब्रुवारीपासून महाग होता. तिथल्या 'त्यामुळे'ला गोल केला आणि समासात फक्त '11 जुलै?' असं लिहिलं. ती वही घेऊन गेली आणि दुपारी परत आली. अर्थमंत्री नेकरला राजाने त्या दिवशी काढलं होतं आणि पॅरिसभोवती सैन्य जमत होतं, हे तिला नोट्सच्या वेगळ्याच पानावर, 'महत्त्वाच्या घटना' या मथळ्याखाली सापडलं होतं.